मसाल्याच्या पुड्याचा भाव कसा लिहावा: छोट्या दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मसाला, पापड, लोणची, फरसाण असा माल स्वतः बनवून किंवा भरून विकणाऱ्या दुकानांना समोर ठेवून घेतले आहेत. अशा दुकानात निम्म्याहून जास्त गल्ला तोंडओळखीच्या गिऱ्हाइकांवर चालतो. त्यामुळे मॉलमध्ये खपून जाणारी भावाची युक्ती इथे महिन्याभरात उघडी पडते. उदाहरणासाठी सगळीकडे कांदा-लसूण मसालाच घेतला आहे. आकडे नमुन्याचे आहेत, तुमची खरेदी आणि मजुरी त्यात घालून पाहा.

९९, १९९ असे भाव लावणं ही फसवणूक आहे का?

नाही. पाटीवर ९९ लिहिलं, गिऱ्हाइकाने ९९ दिले, बिलावर ९९ आले, तर कुणाचं काही बुडालं नाही. चपलेच्या दुकानात असे भाव पाहतच आपण सगळे मोठे झालो.

हा भाव चालतो कारण आकडा आपण डावीकडून वाचतो आणि पहिल्या अंकावरच अर्धा अंदाज बांधून मोकळे होतो. १९९ पाहिलं की मनात 'शंभर-दीडशेच्या पुढचं काहीतरी' येतं, २०० पाहिलं की 'दोनशे'. फरक एका रुपयाचा असतो, पण पहिला अंक बदललेला असतो. मात्र १४९ आणि १५० मध्ये हा परिणाम तेवढा नसतो आणि १४६ ऐवजी १४५ लिहून तर काहीच साधत नाही.

अमेरिकेत एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर या दोघांनी टपालाने कपडे विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये याची प्रत्यक्ष परीक्षा घेतली. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकच पोशाख काही लोकांना ३४ डॉलरला, काहींना ३९ ला आणि काहींना ४४ ला दाखवला, तर सर्वांत जास्त खपला तो ३९ वाला, म्हणजे स्वस्तातल्या ३४ पेक्षाही जास्त. आपल्या कामाची गोष्ट मात्र त्याच्या पुढची आहे. हा परिणाम नव्याने आलेल्या मालावर जास्त दिसला, आधीपासून विकल्या जाणाऱ्या मालावर कमी. ज्या वस्तूचा भाव गिऱ्हाइकाला माहीत नाही तिथे शेवटचा नऊ बोलतो, माहीत असेल तिथे तो गप्प बसतो.

मग रोजच्या मालाला नऊ लावावा की नाही?

लावू नये असं आमचं मत आहे. दर महिन्याला पाव किलो मसाला नेणाऱ्या काकूंना तुमचा भाव तुमच्याइतकाच पाठ असतो. १६० चा १५९ केला तर त्या जास्त घेणार नाहीत, फक्त गल्ल्यावर रुपया परत द्यायचं काम वाढेल. उलट १६० चा १६९ करून 'नऊ लावलाय, कळणार नाही' असं वाटत असेल, तर कळतं. पहिल्याच दिवशी कळतं.

आणखी एक अडचण आहे. छोट्या दुकानात भाव वाचला जातो त्याहून जास्त वेळा तोंडी सांगितला जातो. पाटीवरचा ४९ डोळ्याला चाळीसच्या घरातला दिसेल, पण तुम्ही 'एकोणपन्नास' म्हणालात की कानाला पन्नासच ऐकू येतो. म्हणून नऊचा भाव लावायचाच असेल तर तो लेबलावर किंवा पाटीवर वाचल्या जाणाऱ्या नव्या मालाला लावा: नवी चटणी, भेटीचा डबा, प्रवासात न्यायचं छोटं पाकीट. रोजचा मसाला, पापड, मीठ-मिरचीला सरळ भाव बरा.

रुपया परत द्यायला सुट्टे नसतात. गोळी दिली तर चालतं ना?

चालत नाही. ९९ लिहून १०० घेतले की तुमचा भाव १०० झाला आणि पाटी खोटी ठरली. गोळी गिऱ्हाइकाने मागितलेली नसते. शिवाय त्या गोळीवरही तुम्हाला चार पैसे सुटतात, म्हणजे रुपयाही गेला आणि नको असलेला मालही विकला. एखाद्या दिवशी खरंच सुट्टे संपले तर रुपया सोडायचा तो दुकानदाराने. बिल ९९ चं असेल तर ९५ घ्या किंवा पुढच्या वेळच्या हिशेबात लिहून ठेवा. आता बरेच लोक यूपीआयने देतात, तिथे सुट्ट्यांचा प्रश्नच येत नाही. पण रोखीने देणारी मंडळी बहुधा वयस्कर असतात आणि प्रत्येक वेळी त्यांचाच रुपया अडकतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

ज्याला रुपयाची नाणी ठेवायचा कंटाळा आहे त्याने नऊचा भाव लावायच्या भानगडीत पडू नये.

भावाची शिडी म्हणजे काय? ती कशी बांधायची?

एकाच मालाचे लहान-मोठे पुडे आणि त्यांचे भाव म्हणजे शिडी. पायरी वर चढावी तसा किलोमागचा भाव थोडा उतरावा, एवढी साधी अपेक्षा असते. ती पूर्ण करायची तर आधी पुड्याचा खर्च मांडायला हवा, आणि बहुतेक दुकानं नेमकं हेच करत नाहीत. किलोचा भाव ठरवतात आणि दहाने भागून शंभर ग्रॅमला लावतात.

समजा मिरची, खोबरं, तीळ, धने, कांदा, लसूण, तेल आणि डंकाची मजुरी मिळून मसाला किलोमागे ४४० रुपयांना पडतो. त्यावर पिशवी, लेबल आणि भरणावळ येते. ही शंभर ग्रॅमच्या पुड्याला ६ रुपये येते, पाव किलोला ७, अर्ध्या किलोला ९ आणि किलोला १२. पिशवी दहापट मोठी झाली म्हणून खर्च दहापट होत नाही, शिडी उतरती ठेवता येते ती त्यामुळेच. एक किलो मसाला शंभर-शंभर ग्रॅमच्या दहा पुड्यांत भरला तर भरण्याचे ६० रुपये जातात, एकाच पुड्यात भरला तर १२. मधले ४८ रुपये खरेखुरे वाचतात आणि ते गिऱ्हाइकाला देता येतात.

यावर एक शिडी बांधून पाहू.

| पुडा | पडतो | विक्री | पुड्यामागे सुटतात | किलोमागे भाव |
|---|---|---|---|---|
| १०० ग्रॅम | ५० | ७० | २० | ७०० |
| २५० ग्रॅम | ११७ | १६० | ४३ | ६४० |
| ५०० ग्रॅम | २२९ | ३१० | ८१ | ६२० |
| १ किलो | ४५२ | ६०० | १४८ | ६०० |

शेवटचा रकाना वरून खाली वाचा. तो एकसारखा उतरत गेला पाहिजे. कुठेही थांबला किंवा उलटा चढला तर शिडी मोडली. दुकानाचं भाडं, वीज आणि तुमचा स्वतःचा वेळ 'सुटतात'च्या रकान्यातूनच जायचा आहे, तेवढी खात्री करून घ्या.

शिडी मोडते म्हणजे नक्की काय होतं?

बहुतेक वेळा ती नऊच्या मोहानेच मोडते. वरचेच भाव एका दुकानदाराने 'आकर्षक' करायचे ठरवले असं समजा. ७० चे ६९, १६० चे १५९, ३१० चे २९९ आणि ६०० चे ५९९. प्रत्येक आकडा एकेकटा पाहिला तर छान दिसतो. ३१० वरून २९९ ला आल्याने तर पहिला अंक बदलला, तोच तर हवा होता.

आता गिऱ्हाईक म्हणून गल्ल्यासमोर उभे राहा.

"काका, किलोचा नको, अर्ध्या किलोचे दोन द्या."

"अहो ताई, किलोचा घ्या ना, स्वस्त पडेल."

"कसा पडेल? दोन अर्धे पाचशे अठ्ठ्याण्णवला येतायत. किलो पाचशे नव्व्याण्णवला आहे."

रुपया मोठा नाही. पण 'मोठा पुडा स्वस्त' या समजुतीवर इतके दिवस जो किलोचा पुडा नेत होता, त्याला आता वाटणार की मागेही असंच असेल. दुकानदाराने लबाडी केलेली नाही, त्याने फक्त चार भाव चार वेगळ्या वेळी ठरवले. गिऱ्हाइकाला मात्र यातला फरक कळायचं कारण नाही.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. अर्धा किलो पुन्हा ३१० ला न्यायचा, किंवा तो २९९ लाच ठेवून किलो ५८० ला आणायचा. दुसऱ्या वाटेने किलोच्या पुड्यावर १४८ ऐवजी १२८ सुटतात आणि अर्ध्या किलोवर ८१ ऐवजी ७०. परवडत असेल तर ठीक, नाहीतर ३१० च बरा. नऊसाठी शिडी वाकवू नका, शिडीत जिथे बसेल तिथेच नऊ लावा.

पाकिटावर ग्रॅमचा भाव छापतोच की आम्ही. तरी पाटीवर वेगळा लिहायचा?

लिहावा. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांत २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने पाकिटावर छापील किमतीसोबत एकक भावही आणला. किलोपेक्षा कमी वजनाला ग्रॅममागे, किलोच्या वरच्या पाकिटाला किलोमागे, दोन दशांशांपर्यंत. नियम चांगला आहे. पण वरच्या मोडक्या शिडीत काय होतं बघा. २९९ च्या पुड्यावर ग्रॅमला ०.६० रुपये छापलं जाणार, कारण ०.५९८ चा जवळचा आकडा तोच. किलोच्या पुड्याची छापील किंमतच किलोचा भाव असते, त्यामुळे तिथे वेगळं काही छापायची गरज नाही. म्हणजे नियम पाळूनही कोणता पुडा स्वस्त हे कळत नाही.

साध्या गिऱ्हाइकाला ग्रॅममागचे पैसे मनात धरताही येत नाहीत. तो किलोच्या किंवा पावशेराच्या हिशेबाने विचार करतो. म्हणून कप्प्यावरच्या पाटीवर प्रत्येक पुड्याच्या भावाखाली लहान अक्षरात 'किलोला ६४०', 'किलोला ६२०' असं लिहा. सगळ्या पुड्यांना एकच माप. हे लिहायचं ठरवलं की शिडी तपासायची आठवणही आपोआप राहते, कारण चुकीचा आकडा स्वतःच्या हाताने लिहिताना पहिल्यांदा आपल्यालाच खटकतो.

लहान पुडा घेणाऱ्याला महाग पडतो. हे बरोबर आहे का?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण जास्त जणांनी विचारायला हवा. शंभर ग्रॅमचा पुडा घेणारा माणूस हौसेने लहान घेत नसतो. हातात रोजाचे पैसे असतात, घर लहान असतं, किंवा एकटा राहणारा विद्यार्थी असतो. वरच्या तक्त्यात त्याच्याकडून किलोमागे २०० रुपये सुटतात आणि किलोचा पुडा नेणाऱ्याकडून १४८. यातल्या जास्तीच्या पैशाला भरणावळीचं कारण देता येत नाही, कारण भरणावळ 'पडतो'च्या रकान्यात आधीच धरली आहे.

लहान पुड्याला गल्ल्यावरचा वेळ मोठ्याइतकाच जातो हे खरं आहे, म्हणून थोडं जास्त सुटलं तर त्यात गैर नाही. पण हाच पुडा ६५ ला दिला तर १५ रुपये सुटतात, म्हणजे किलोमागे १५०, जवळपास किलोच्या पुड्याइतकेच. मग शिडीची खालची पायरी ६५० आणि त्यावरची ६४० होते, उतार टिकतो पण फार कमी राहतो. ६५ ते ७० च्या मध्ये कुठे थांबायचं हे तुमची वस्ती पाहून ठरवा. त्याच्या वर गेलात तर मोठा पुडा स्वस्त वाटावा म्हणून लहान मुद्दाम महाग केल्यासारखं होतं.

जुना भाव खोडून नवा लिहिला तर लोक थांबून बघतात. हे करावं का?

जुना भाव खरा असेल तर करावं. लोक थांबतात याचं कारण असं की पहिला दिसलेला आकडा मनात खुंटा ठोकून बसतो आणि पुढचा सगळा अंदाज त्याच्या आसपास फिरतो. आमोस ट्व्हर्स्की आणि डॅनिएल काहनेमन यांनी १९७४ च्या लेखात याचा एक गमतीदार दाखला दिला आहे. त्यांनी लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते १० वर किंवा ६५ वर थांबेल अशी आधीच व्यवस्था होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत? ज्यांच्यापुढे १० आला त्यांचं मधलं उत्तर २५ होतं, ज्यांच्यापुढे ६५ आला त्यांचं ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नव्हता, तरी आकडा चिकटला.

मग खोडलेल्या ९०० शेजारी ६०० पाहून गिऱ्हाइकाला काय वाटेल ते सांगायला नको. म्हणूनच तो ९०० कुठून आला याचा जाब दुकानदाराने स्वतःला विचारला पाहिजे. तुमच्याच बिलांत त्या भावाला माल विकलेला दिसतो का? दिसत असेल तर खोडून लिहा, सोबत कारणही लिहा: 'मिरची उतरली', 'जुना साठा', 'दिवाळीपर्यंत'. दिसत नसेल तर तो आकडा हवेतला आहे.

कायदाही याच अंगाने बघतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत, माल सर्वसाधारणपणे ज्या भावाला विकला जातो त्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं स्पष्टपणे येतं. 'सर्वसाधारणपणे किती दिवस' याचा अंदाज हवा असेल तर युरोपीय संघाचा नियम उपयोगी पडतो. तिथे २०२२ पासून सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतला सर्वांत कमी भाव 'पूर्वीचा भाव' म्हणून दाखवावा लागतो. आपल्याकडे तो लागू नाही, पण छोट्या दुकानासाठी त्याहून सोपी कसोटी सापडणार नाही: मागच्या महिन्याची बिलं काढा, त्यातला सर्वांत कमी भाव बघा, खोडायचा तो तोच.

आमचं पाकीट आम्हीच भरतो, छापील किंमतही आमचीच. ती जास्त छापून कायम कमी भावाला विकली तर?

हीच सगळ्यात सोपी पळवाट आहे, म्हणून सगळीकडे दिसते. छापील किमतीपेक्षा कमी भावाला विकायला बंदी नाही. पण पाकिटावर ९००, दारात '६०० फक्त', आणि वर्षभरात एकही पाकीट ९०० ला गेलेलं नाही, तर ती किंमत दाखवण्यापुरती आहे. नव्या गिऱ्हाइकाला ती एकदा खेचेल. नेहमीचं गिऱ्हाईक काय शिकतं? या दुकानात छापलेल्या आकड्याला अर्थ नाही. मग तुम्ही खरोखर महाग, चांगल्या मिरचीचा मसाला काढून प्रामाणिकपणे ९०० छापाल, तेव्हा तो विचारेल, "मग द्यायचा किती?" त्या दिवशी एकभावी दुकानाचं घासाघिशीचं दुकान झालेलं असेल.

छापील किंमत इतकीच वर ठेवा की तुमचा माल दुसऱ्या दुकानात ठेवला तर त्याचं कमिशन निघेल. तेवढा फरक कुणालाही समजावून सांगता येतो.

दुसऱ्या कंपनीचा माल भाव उतरवून विकताना एक सावधगिरी ठेवा. कमी किमतीचं स्टिकर लावता येतं, पण ते मूळ छापील किमतीवर चिकटवायचं नाही, ती दिसत राहिली पाहिजे. किंमत वाढवण्यासाठी स्टिकर लावायची मुभाच नाही.

मधला डबा खपावा म्हणून शेजारी महागडा डबा ठेवला तर ती लबाडी होते का?

महागडा डबा खरा असेल तर नाही. दिवाळीच्या फराळाचं उदाहरण घेऊ. लहान डब्यात एक किलो फराळ, ६०० रुपये. मधल्यात दीड किलो, ८५० रुपये. मोठ्यात दोन किलो फराळ आणि वर सुकामेवा, १४०० रुपये. १४०० शेजारी असला की ८५० मध्यम वाटतो आणि बरेच लोक तोच उचलतात. यात वावगं नाही, कारण १४०० चा डबा कुणाला तरी खरंच हवा असतो: जावयाकडे पाठवायला, ऑफिसच्या साहेबांना द्यायला. तो तयार असतो, मागितला की मिळतो, आणि लेबलवर चकली किती, लाडू किती, काजू किती हे ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं.

आता दुसरा प्रकार बघा. काही जण एक चौथा डबा मध्ये घुसवतात: फराळ एक किलोच, पण डबा चकचकीत, भाव ८२०. कुणी घ्यावा अशी अपेक्षाच नसते. ८५० ला दीड किलो किती फायद्याचा हे दाखवायला तो तिथे बसवलेला असतो. परदेशी पुस्तकांत ही युक्ती कौतुकाने सांगतात. आम्हाला ती छोट्या दुकानात अजिबात पटत नाही, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. हिशेब करणारं गिऱ्हाईक तो डबा टाळतंच. घेतं कोण? जे तुमच्यावर विसंबून आहे ते. फोनवर "भाऊ, त्यातला एक बऱ्यापैकी पाठवून द्या" म्हणणाऱ्या आजी, किंवा घाईत सगळ्यात देखणा डबा उचलणारा जुना शेजारी. जो भुलवायला ठेवला तो तुमच्या सर्वांत भरवशाच्या माणसाच्या पिशवीत जातो.

ओळखायची खूण सोपी आहे. सकाळी येऊन कुणी त्या डब्याचे दहा नग मागितले तर तुम्हाला आनंद होईल की ओशाळं वाटेल? दहा नग देताच येणार नसतील, तर तो मुळात मांडायलाच नको.

मिरची महागली. भाव वाढवू की तोच भाव ठेवून वजन कमी करू?

पाच-दहा रुपयांच्या पाकिटात वजनच कमी करावं लागतं, कारण तिथे गिऱ्हाईक नाणं किंवा नोट घेऊनच येतं. चिवड्याचं दहाचं पाकीट बाराचं केलं तर ते विकत नाही. पण कप्प्यावर महिनाभर लिहून ठेवा: 'आता ४२ ग्रॅम, पूर्वी ५० ग्रॅम.' पाकीट तेवढंच फुगवून वजन आतल्या आत उतरवणं म्हणजे दिसतं तसं नसणं.

मसाल्याच्या पुड्यात मात्र वजनाला हात लावू नका. घरोघरी पाव किलोची बरणी ठरलेली असते. २५० चे २२५ ग्रॅम केलेत तर बरणीच सांगेल. भाव वाढवा, आठवडाभर आधी पाटी लावा आणि सगळी शिडी एकदम वर न्या. एकच पायरी वाढवली की वर सांगितलेली मोडतोड पुन्हा होते.

सुट्या मालाला पावशेराचा भाव लिहिला तर?

सगळ्याच सुट्या मालाला पावशेराचा लिहा, नाहीतर सगळ्याला किलोचा. शेंगदाणे किलोने आणि शेजारी काजू पावशेराने, तेही 'पाव' अगदी बारीक अक्षरात, ही मांडणी गिऱ्हाइकाला गल्ल्यावर तोंडघशी पाडते. बरेच जण लाजेने काही न बोलता पैसे देतात आणि पुन्हा काजू घ्यायला येत नाहीत.

नेहमीच्या गिऱ्हाइकाला दोन रुपये कमी लावले तर काय बिघडलं?

दोघी शेजारणी एकत्र आल्या की बिघडतं. भाव सगळ्यांना एकच ठेवा. नेहमीच्या माणसाला काही द्यायचंच असेल तर ते भावाच्या बाहेर द्या: नव्या चटणीचा नमुना, सणाला मूठभर शंकरपाळे, घरपोच पाठवणं, महिन्याचं खातं. खात्यावर नेणाऱ्याला रोखीपेक्षा जास्त भाव लावत असाल तर तो दुसऱ्या भावासारखा पाटीवर उघड लिहा, वहीत गुपचूप नको.

भावामुळे गिऱ्हाईक गोंधळतंय हे कसं ओळखायचं? आणि शिडीचा फायदा होतोय की नाही हे?

गोंधळ कानांना ऐकू येतो. पाटी समोर असूनही "हा कितीला पडतो?" असं विचारलं जात असेल, कप्प्यापाशी मोबाइलवर गुणाकार होत असतील, बिल पाहून "मला वाटलं…" ने वाक्य सुरू होत असेल, तर त्या मालाचं नाव गल्ल्याजवळच्या वहीत टिपून ठेवा. आठवडाभर तोच माल पुन्हा पुन्हा वहीत आला तर दोष पाटीचा आहे. हे काम गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला सांगा, मालकासमोर लोक असं सहसा बोलत नाहीत.

फायद्याचा हिशेब जरा फसवा असतो. समजा महिन्याला शंभर ग्रॅमचे १०० पुडे जात होते, म्हणजे १० किलो मसाला आणि २००० रुपये सुटायचे. शिडी नीट लिहिल्यावर त्यातला निम्मा माल पाव किलोच्या पुड्यांत गेला. आता शंभर ग्रॅमचे ५० पुडे जातात, त्यांचे १००० सुटतात. पाव किलोचे २० पुडे जातात, त्यांचे ८६०. मिळून १८६०. पाव किलोचा खप वाढला म्हणून दुकानदार खुशीत असतो आणि गल्ल्यात १४० रुपये कमी असतात.

ही तूट भरून निघायला पाव किलोचे आणखी चार पुडे जायला हवेत. मसाला हा काही चिवडा नाही, घरात जास्त आला म्हणून जास्त संपत नाही. म्हणून ते चार पुडे नव्या गिऱ्हाइकांकडूनच यायला हवेत, किंवा मधल्या आठवड्यात दुसऱ्या दुकानातून मसाला नेणाऱ्यांकडून, ज्यांना आता महिनाभर पुरेल एवढा एकदाच तुमच्याकडून मिळतो. हे होतंय का ते एका महिन्यात कळत नाही. निदान तीन महिन्यांचे एकूण किलो आणि एकूण सुटलेले रुपये शेजारी शेजारी लिहा. त्यात सणाचा महिना आला तर तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. किलो वाढले नाहीत आणि रुपये घटले, तर पायऱ्यांमधला फरक तुम्ही गरजेपेक्षा जास्त ठेवला आहे. पाव किलो १६० वरून १६५ ला नेऊन बघा. मग तिथे किलोला ६६० पडतात, म्हणजे शंभर ग्रॅमच्या ७०० पेक्षा कमीच, आणि खाली अर्ध्या किलोच्या ६२० पेक्षा जास्त. शिडी शाबूत राहते.